नुन्ची: समोरच्याचा रागरंग ओळखण्याचं कोरियन शास्त्र

कोरियात एक जुनी म्हण आहे: ज्याची नुन्ची चलाख, त्याला मठातही खारवलेल्या कोळंबीचा रस्सा मिळतो. आपल्या जवळ्यासारखीच बारीक कोळंबी तिकडे मिठात मुरवतात आणि तिला सुटणारं खारं पाणी भाजीत, आमटीत घालतात. बौद्ध मठात मात्र मासळी वर्ज्य. लसूण-कांदासुद्धा चालत नाही. तरी कुठल्या तरी फडताळात कुणीतरी बरणी लपवलेली असणारच. ती कोणाकडे आहे, कधी आणि कसं मागितलं तर मिळेल, हे न विचारता ज्याला कळतं, त्याची नुन्ची चांगली.

शब्दाचा पहिला भाग ‘नुन’, म्हणजे डोळा. शब्दाचं जुनं रूप 17व्या शतकापर्यंत मागे जातं आणि त्याचा अर्थ साधारण ‘डोळ्यांचा जोर’ असा लावतात. आपल्याकडे याला एकच शब्द नाही, कारण क्रियापद बदललं की नुन्चीचं मराठी बदलतं. नुन्ची ‘बघणं’ म्हणजे मर्जी सांभाळत, रागरंग बघत वागणं. नुन्ची ‘नसणं’ म्हणजे प्रसंगाचं भान नसणं. नुन्ची ‘देणं’ म्हणजे तोंडाने काही न बोलता नुसत्या नजरेने ‘आता निघा’ असं सुनावणं. आणि ‘नुन्चीचा भात’ म्हणजे दुसऱ्याच्या घरी, त्याच्या कपाळावरच्या आठ्या मोजत गिळलेले घास. मिंधेपणाचं अन्न म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हा शेवटचा प्रयोग समजावून सांगावा लागणार नाही.

नुन्ची म्हणजे समोरच्याचं मन जाणण्याची गोड कला, असं हल्ली बरंच सांगितलं जातं. 2019मध्ये इंग्रजीत या विषयावर एक पुस्तक गाजलं, तेव्हापासून तर नुन्ची यशाची गुरुकिल्ली म्हणूनच विकली जाते. माझ्या मते यात अर्धी गोष्ट गळते. वरच्या प्रयोगांकडे पुन्हा बघा. नुन्ची बघतो तो बहुतेक वेळा खालच्या पायरीवरचा असतो, आणि नुन्ची देतो तो वरचा.

याची मुळं चोसन राजवटीत आहेत. 1392 ते 1910 अशी पाच शतकं चाललेल्या या राज्याने कन्फ्यूशियसच्या शिकवणीला समाजाचा पाया मानलं. राजा-प्रजा, बाप-लेक, नवरा-बायको, थोरला-धाकटा आणि मित्र-मित्र अशी पाच नाती सांगितली होती. त्यांतली पहिली चार उतरंडीची. बरोबरीचं नातं फक्त मित्रांचं. वरच्याला थेट ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती आणि वरच्यानेही मनातलं उघड बोलून दाखवणं हलकं समजलं जाई. दोन्ही तोंडं बंद, त्यामुळे काम डोळ्यांवर आलं. त्यात सगळ्यात जास्त भरडली गेली नवी सून. तिला लग्नाच्या वेळी दिला जाणारा सल्ला असा: तीन वर्षं बहिरी हो, तीन वर्षं मुकी हो, तीन वर्षं आंधळी हो. ऐकलेलं, पाहिलेलं दाखवायचं नाही, उलट बोलायचं नाही, पण सासूला काय हवंय ते मागायच्या आधी हजर करायचं. हा सल्ला मराठी वाचकाला परका वाटू नये.

राजवट गेली, पण उतरंड भाषेत उरली. कोरियनमध्ये ‘जेव’ असं म्हणायचं तर समवयस्काला वा धाकट्याला ‘मगॉ’ म्हणतात, थोरल्याला ‘तुसेयो’, धातूच बदलतो. आपलं तू-तुम्ही त्यामानाने फारच सोपं. वयात एका वर्षाचा फरकसुद्धा मोजला जातो. म्हणून नवी ओळख झाली की कोरियन माणूस लवकरच वय विचारतो. त्याला चौकसपणा समजू नये, त्याला वाक्य पूर्ण करायचं असतं.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कारखाने आणि कंपन्या उभ्या राहिल्या, तशी हीच सवय कचेरीत शिरली. संध्याकाळचे सहा वाजलेत, काम संपलंय, साहेब मात्र जागेवर. त्यांच्या हाताखालचा उठत नाही, म्हणून त्याच्या हाताखालचा उठत नाही, आणि सगळ्यात नवा पोरगा रिकाम्या तक्त्यात आकडे पुढे-मागे करत बसतो. या बसण्याला ‘नुन्चीचा ओव्हरटाइम’ असंच नाव आहे. ठरल्या वेळी निघणाऱ्याला ‘सुरीने कापल्यासारखा’ निघाला म्हणतात. 2018मध्ये कायद्याने आठवड्याच्या कामाची मर्यादा 68 तासांवरून 52वर आणली. काही कचेऱ्यांनी ठरल्या वेळी संगणक आपोआप बंद होण्याची सोय केली. पडदाच काळा झाला की साहेबांकडे बघत बसायला निमित्त उरत नाही. सवय मोडायला यंत्र लागलं, यावरून तिचा चिवटपणा कळावा.

बरोबरीच्या लोकांतही नुन्ची चालते, पण तिथे ती जुगारासारखी होते. विद्यापीठ प्रवेशाचं उदाहरण घ्या. मुख्य फेरीत विद्यार्थ्याला तीन अर्ज करता येतात. एका जागेमागे किती अर्ज आले, हे विद्यापीठं मुदतीत जाहीर करत राहतात आणि शेवटचे काही तास आकडे दाखवणं थांबवतात. मग हिशोब सुरू होतो. अमुक विभागात गर्दी कमी दिसते, म्हणजे तिथे शिरावं. पण हे मला दिसतंय म्हणजे सगळ्यांनाच दिसतंय, म्हणजे शेवटच्या तासाला तिथेच झुंबड उडणार. आणि तसं सगळ्यांनीच ओळखलं तर? गर्दी बघून टाळलेला विभाग शेवटी मोकळा राहिला आणि ‘रिकामा’ दिसलेला तुंबला, असंही घडतं. वर्तमानपत्रं याला ‘नुन्ची मोहीम’ म्हणतात. इथे चांगली नुन्चीही उपयोगाची नाही, कारण समोर ज्याचा चेहरा वाचावा असं कोणी नसतं, असतात ते नुसते आकडे.

शेजारच्या जपानमध्ये याचं भावंड आहे: ‘हवा वाचणं’. ज्याला ती वाचता येत नाही त्याला रोमन आद्याक्षरांवरून ‘के-वाय’ म्हणायची टूम 2007च्या सुमारास पसरली. कोरियन नुन्ची एका माणसावर, त्याच्या चेहऱ्यावर खिळलेली असते. जपानी हवा सगळ्या खोलीची असते आणि ती कोणी तयार केली हे सांगता येत नाही.

याचं टोक ‘सोनताकु’ या शब्दात दिसतं: वरच्याची इच्छा ओळखून, त्याने न सांगता ती पुरी करणं. शब्द प्राचीन चिनी काव्यातला आणि तिथे त्याचा अर्थ दुसऱ्याचं मन ताडणं एवढाच. तो बदनाम झाला 2017मध्ये. ओसाकाजवळची सरकारी जमीन एका शाळा संस्थेला मिळाली. मूल्यांकन सुमारे 95 कोटी 60 लाख येन, विक्री 13 कोटी 40 लाखांना. जमिनीत पुरलेला कचरा काढण्याचा खर्च वजा केला, असं कारण दिलं गेलं. नियोजित शाळेच्या मानद मुख्याध्यापक म्हणून पंतप्रधान शिंझो आबे यांच्या पत्नीचं नाव होतं. आपण किंवा पत्नी यात गुंतलेलो नाही, असं आबे यांनी संसदेत सांगितलं. संस्थेच्या प्रमुखाने पत्रकारांसमोर ‘सोनताकु’ झालं असावं असं म्हटलं आणि त्या वर्षी हा शब्द देशाच्या वार्षिक शब्दपुरस्काराच्या विजेत्यांत आला. पुढच्या वर्षी अर्थखात्याला कबूल करावं लागलं की या व्यवहाराच्या 14 कागदपत्रांत फेरफार झाले होते. काढून टाकलेल्या मजकुरात पंतप्रधानांच्या पत्नीचे उल्लेखही होते.