तीन वर्तुळं आणि ‘फक्त एकच’वाली घरं

इंदूरमध्ये भंवरकुआंच्या आसपास लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना तीन वर्तुळांचं गणित चांगलं ठाऊक असतं. एवढे लोक हे वाचतात, एवढे ते वाचतात, इतके दोन्ही, इतके तिन्ही. निदान एक तरी वाचणारे किती? हे पटकन सुटतं. ‘फक्त एकच वाचणारे किती’ असं विचारलं की मात्र निम्मा वर्ग चुकतो. याचं एक कारण माझ्या मते असं, की ही आकृती मुळात डोकी मोजण्यासाठी काढलेलीच नव्हती.

वर्तुळांनी विचार दाखवायची पद्धत लोकप्रिय केली ती गणितज्ञ ऑयलरने. १७६० ते १७६२ या काळात बर्लिनहून त्याने एका जर्मन राजकन्येला विज्ञान समजावणारी पत्रं लिहिली. ‘सगळे अमुक हे तमुक असतात’ हे सांगायला त्यात एका वर्तुळाच्या पोटात दुसरं वर्तुळ काढलं होतं, आणि संबंध नसेल तिथे दोन वर्तुळं वेगवेगळी. म्हणजे संबंध आधीच ठाऊक हवा, चित्र मागाहून. केंब्रिजचा तर्कशास्त्रज्ञ जॉन वेन याला हीच गोष्ट खटकत होती. १८८० साली त्याने क्रम उलटा केला: आधी वर्तुळं अशी काढायची की सगळ्या शक्यतांना जागा मिळेल, आणि मग जिथे कोणीच नाही असं कळेल तो भाग काळा करायचा. तीन वर्तुळं एकमेकांत अडकवली की बाहेरची जागा धरून आठ भाग होतात. तीन ‘हो-नाही’ उत्तरांच्या आठही शक्यता त्यांत बरोबर बसतात, एकही सुटत नाही.

गंमत म्हणजे आपल्या पुस्तकांत हवा असलेला भाग रंगवतात, वेन नको असलेला रंगवायचा. आणि हा माणूस आकड्यांना अनोळखी नव्हता. संभाव्यतेवर त्याचा ग्रंथ १८६६ मध्येच आला होता. तरी त्याच्या आकृतीचा प्रश्न ‘इथे कोणी आहे का?’ असा होता, ‘किती आहेत?’ असा नव्हता. त्याचं नावसुद्धा आकृतीला बऱ्याच उशिरा चिकटलं. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ सी. आय. लुईस याने १९१८ मध्ये ‘वेन आकृती’ असं म्हटलं.

मोजणीची वाट वेगळीच होती. एकावर एक आलेले गट मिळवताना दोनदा मोजलेलं वजा करायचं आणि जास्त वजा झालेलं परत मिळवायचं, ही युक्ती अठराव्या शतकातल्या जुगाराच्या गणितात, गणितज्ञ द म्वाव्रच्या हातात, वापरात होती. पोर्तुगालच्या दा सिल्व्हाने ती १८५४ मध्ये नीट मांडली. आकृती आणि मोजणी या दोन वाटा शाळेच्या फळ्यावर ठळकपणे एकत्र आल्या त्या विसाव्या शतकात, १९६० च्या दशकात संच शिकवायची लाट आली तेव्हा.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी मांडलेले आहेत. समजा रामबागेच्या बाजूच्या एका मंडळाने २०० मराठी घरांत विचारलं: हिंदी पेपर घेता का, मराठी वाहिनी बघता का, मराठी मासिक किंवा दिवाळी अंक घेता का? उत्तरं आली: पेपर १२०, वाहिनी ९०, मासिक ७०. पेपर आणि वाहिनी ५०, वाहिनी आणि मासिक ४०, पेपर आणि मासिक ३५. तिन्ही २०. मंडळाच्या काकांना जाणून घ्यायचंय की एकाच गोष्टीवर भागवणारी घरं किती.

भरायला सुरुवात नेहमी मधून करावी. मध्यभागी २०. पेपर-वाहिनीच्या ५० मध्ये हे २० आधीच बसलेले आहेत, म्हणून त्या पाकळीत उरतात ३०. तसंच वाहिनी-मासिकच्या पाकळीत २० आणि पेपर-मासिकच्या पाकळीत १५. आता पेपरच्या वर्तुळात १२० पैकी ३०, १५ आणि २० गेले, फक्त पेपर ५५. फक्त वाहिनी ९० − ३० − २० − २० = २०. फक्त मासिक ७० − २० − १५ − २० = १५. एकूण ९० घरं. पाकळ्यांतली ६५ आणि मधली २० धरली की १७५, म्हणजे २५ घरांना तिन्हीशी देणंघेणं नाही.

वर्गात चूक होते ती अशी: निदान एकवाले १७५, त्यातून जोड्यांची बेरीज १२५ वजा, उत्तर ५०. ऐकायला बरोबर वाटतं. पण मधली २० घरं तिन्ही जोड्यांत आहेत, म्हणून ती तीनदा वजा झाली. एकदाच व्हायला हवी होती. दोनदा २०, म्हणजे ४० परत द्या, ९० येतात. थेट सूत्र हवं असेल तर एकट्या आकड्यांची बेरीज, वजा जोड्यांची दुप्पट, अधिक तिन्हीची तिप्पट: २८० − २५० + ६० = ९०. यातलं ‘तिप्पट’ लोक घोकतात आणि विसरतात. मधलं घर पहिल्या बेरजेत तीनदा आलं, दुपटीत सहा वेळा गेलं. शून्यावर आणायला तीनदा परत द्यावंच लागतं.

दुसरा खड्डा प्रश्नाच्या भाषेत असतो. ‘पेपर आणि वाहिनी ५०’ यात तिसरं घेणारेही आहेत, की हे ‘दोनच’वाले? आकडे बऱ्याचदा स्वतःच सांगतात. दोनच धरून बघा: फक्त वाहिनी ९० − ५० − ४० − २०, म्हणजे उणे २०. घरं उणे असत नाहीत, त्यामुळे इथे तो अर्थ बाद. नोंदच चुकली असेल तर तीही अशीच उघडी पडते. मध्यभागी २० ऐवजी ४ लिहिलं असतं तर फक्त मासिकवाली घरं ७० − ४० − ३५ + ४, उणे १ आली असती. या आकड्यांना मध्यभागी निदान ५ लागतातच. असे आकडे एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न जॉर्ज बूलने १८५४ च्या ग्रंथात, वेनच्या वर्तुळांच्या आधीच, हाताळला होता.

सर्व्हेच्या अहवालात मात्र पुष्कळदा फक्त ६०, ४५ आणि ३५ टक्के एवढंच छापतात. बेरीज १४० टक्के दिसली की उत्तरं एकात एक मिसळलेली आहेत एवढं कळतं, बाकी काही नाही. आपल्या २०० घरांत जोड्यांची माहिती दिली नसती तर ‘फक्त एकच’वाली घरं शून्यसुद्धा असू शकली असती (७० घरांत पेपर-वाहिनी, ५० मध्ये पेपर-मासिक, २० मध्ये वाहिनी-मासिक, बाकी रिकामी), आणि जास्तीत जास्त १६०. काकांना तेवढ्यावरून वर्गणीचा हिशेब मांडता येणार नाही. म्हणून प्रत्येक घराचा कागद जपून ठेवावा. नुसत्या बेरजा नोंदवून कागद रद्दीत गेले की जोड्या परत मिळत नाहीत.

आणि मंडळाने मोबाइलवरच्या बातम्यांचा चौथा प्रश्न घातला तर चौथं गोल वर्तुळ काढण्याच्या भानगडीत पडू नये. चार गटांना सोळा भाग लागतात, चार वर्तुळांतून जास्तीत जास्त चौदाच निघतात. वर्तुळं चौकोनाच्या कोपऱ्यांवर काढली की समोरासमोरच्या दोन गटांतच असलेल्या घरांना, दोन्ही जोड्यांना, आकडा लिहायला जागाच राहत नाही. वेनला हे ठाऊक होतं. चार गटांसाठी त्याने लंबवर्तुळं वापरली. त्यापेक्षा सोळा ओळींचा साधा तक्ता बरा पडतो.