पळताना नाही, रात्री उतरते साखर

नेरूळच्या माझ्या एका मैत्रिणीला टाइप 1 मधुमेह आहे, आणि ती मॅरेथॉन पळते. वजन 60 किलो. एका रविवारी पहाटे पाच वाजता ती पाम बीच रोडवर 30 किलोमीटरचा सराव करायला निघाली. सुरुवातीला साखर 150 होती. दर अर्ध्या तासाला केळं किंवा पाण्यात कालवलेलं ग्लुकोज असं करत तासाला साधारण 45 ग्रॅम कार्ब पोटात जात होते, आणि साडेतीन तासांत एकदाही साखर 100 च्या खाली गेली नाही. घरी वरण-भात खाल्ला, दुपारी झोप काढली. आणि मग रात्री पावणेतीनला नवऱ्याला जाग आली, कारण हिचा गाऊन घामाने चिंब होता आणि ही काहीतरी असंबद्ध बोलत होती. मीटरवर आकडा 51.

"अगं, पळून अठरा तास झाले, आता कशी उतरली?" हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता.

आपले स्नायू साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. साधारण 400 ग्रॅम स्नायूंत, 100 ग्रॅम यकृतात. लांब पळण्यात हा साठा बराचसा रिकामा होतो. पळताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढतात. पळणं थांबलं की ही ओढ मंदावते, पण थकलेले स्नायू पुढचे 24, कधी 48 तास इन्सुलिनला नेहमीपेक्षा जास्त दाद देतात आणि रिकामा साठा भरत राहतात. ज्यांना मधुमेह नाही त्यांचं स्वादुपिंड अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी करतं. टोचून घेतलेलं इन्सुलिन मात्र एकदा आत गेलं की मागे घेता येत नाही. त्यात ही झोपलेली, म्हणजे पोटात काही जात नाही, आणि झोपेत शरीर धोक्याची घंटाही हळूच वाजवतं.

तिची चूक आम्ही दुसऱ्या दिवशी डायरी उघडून शोधली. शेवटच्या किलोमीटरला ती जोरात धावली होती, त्यामुळे संपताना साखर 212 दिसली. ही वाढ बहुतेक अॅड्रेनालिनची, आपणहून ओसरणारी. तिने मात्र घाबरून ती खाली आणण्यासाठी पूर्ण डोस घेतला, त्यावर जेवणाचा नेहमीचा डोस, आणि रात्री 16 युनिट लांब पल्ल्याचं इन्सुलिनही रोजच्यासारखंच. (पळणाऱ्यांमध्ये बिअरने शेवट करायची पद्धत आहे, दारू यकृताला नवी साखर बनवू देत नाही, म्हणजे तेही असतं तर आणखी कठीण.)

सोमवारचा सराव रद्द केला. साखर एकदा अशी खूप खाली जाऊन आली की पुढच्या खेपेला शरीराचा इशारा आणखी बोथट होतो, म्हणून 24 तास पळू नये.

डॉक्टरांशी बोलून पुढच्या लांब सरावाचा हिशेब नवा मांडला. संपल्यावर साखर चढलेली दिसली तर दुरुस्तीचा डोस निम्माच. जेवणाचा डोसही साधारण निम्मा. रात्रीचं इन्सुलिन 20 टक्के कमी, म्हणजे 16 ऐवजी 13 युनिट. आणि झोपण्यापूर्वी वजनाच्या दर किलोला 0.4 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम कार्ब, इन्सुलिनशिवाय: एक पोळी आणि कपभर दूध. हे आकडे तिचे आहेत. इन्सुलिन पंप वापरणाऱ्याचे किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याचे वेगळे निघतील.

स्पर्धेआधीच्या कार्ब लोडिंगचंही गणित हेच आहे, फक्त उलट्या टोकाने. इतर धावपटू आदल्या दीड-दोन दिवसांत किलोमागे दिवसाला 10 ते 12 ग्रॅम कार्ब खातात. 60 किलोला 600 ग्रॅम. वाटीभर भातात 40 धरले तर दिवसाला पंधरा वाट्या! तिने एकदा भीतीपोटी इन्सुलिन न वाढवता भात वाढवला. साखर 280 वर गेली, रात्रभर लघवीला उठावं लागलं आणि सकाळी पाय शिशासारखे जड. साखर स्नायूंत साठवायला इन्सुलिन लागतंच, नाहीतर ती लघवीवाटे पाण्यासकट निघून जाते. आता ती थोडं कमी खाते, दिवसभरात विभागून, आणि प्रत्येक खाण्याला पुरेसं इन्सुलिन घेते.

नवऱ्यालाही धडे मिळालेत. 70 च्या खाली आकडा आणि ती शुद्धीवर असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ग्लुकागॉन, म्हणजे साखर वाढवणारं औषध, घरात असेल तर ते द्यायचं आणि लगेच रुग्णवाहिका बोलवायची.

पुढच्या रविवारी पुन्हा 30 किलोमीटर झाले. रात्री तीनचा गजर लावला होता. मीटर 118 दाखवत होता. ती कूस बदलून झोपली, तो मात्र पाच वाजेपर्यंत जागाच.