जिगरी दोस्ताकडं अडकलेले तीस हजार

मित्राला दिलेले हातउसने पैसे परत मागायची वेळ आली की बहुतेक जण आडवळणानं सुरुवात करतात. रंकाळ्यावर फिरताना "यंदा खर्च लय वाढलाय" म्हणायचं, मिसळ खाताना "गाडीचा हप्ता थकलाय" असं सोडून द्यायचं आणि तो ओळखेल म्हणून वाट बघायची. तो ओळखत नाही. मग देणारा मनात म्हणतो, तीन वेळा सांगून झालं, गडी दाद देत नाही. घेणाऱ्याच्या लेखी मात्र एकदाही विषय निघालेला नसतो.

आपल्या मनात चाललेलं समोरच्याला दिसतंय असं आपल्याला उगाचच वाटतं, हे मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगातून दाखवलं. त्यांनी लोकांना काही बरी आणि काही अगदी वाईट चवीची पेयं प्यायला दिली. पिताना चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही, अशी अट होती. वाईट पेय कुठलं ते पाहणारे सहज ओळखतील, असं पिणाऱ्यांना वाटलं. पाहणाऱ्यांना तेवढं ओळखता आलं नाही. पैशाच्या बाबतीत हाच घोळ होतो. देणाऱ्याला आपली अस्वस्थता चेहऱ्यावर उमटलीय असं वाटतं, समोरच्याला फक्त महागाईवरच्या गप्पा ऐकू येतात.

दुसरा घोळ आठवणीचा आहे आणि तो जास्त अवघड आहे. लिंडा देझो आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी ओळखीतल्या उसनवारीचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. देणारे आणि घेणारे अशा दोन्ही बाजूंना त्यांनी त्यांच्या व्यवहारांबद्दल विचारलं. दोघांच्या हकिकती जुळत नव्हत्या आणि घेणाऱ्यांच्या हकिकती त्यांच्या सोयीच्या बाजूला झुकलेल्या होत्या. पैसे थकलेत हे देणाऱ्याला जेवढं बोचतं, तेवढं घेणाऱ्याला जाणवत नाही. यात लबाडी असतेच असं नाही. बुडवायचं मनात नसलेला माणूसही अप्रिय गोष्ट आठवणीच्या मागच्या फळीवर ठेवतो आणि जसजसे महिने जातात तसतशी ती आणखी मागं सरकते. म्हणून "तो स्वतःहून देईल" म्हणून वर्षभर गप्प बसणं हा सभ्यपणा वाटला तरी त्यातून दोघांच्या हिशेबातली दरी वाढत जाते. ठरलेली तारीख उलटल्यावर दोन-तीन आठवड्यांत केलेली आठवण सोपी जाते, कारण तेव्हा देणाऱ्याच्या आवाजात राग भरलेला नसतो.

आता एक नमुना घेऊ. देणारा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पगारदार आहे. त्याचा शाळेपासूनचा मित्र करवीर तालुक्यात शेती करतो. एक एकर ऊस आणि दुभत्या दोन म्हशी. मित्रानं जूनमध्ये मुलाच्या प्रवेशासाठी ३०,००० रुपये घेतले आणि "दिवाळीला देतो की" म्हणाला. दिवाळी झाली, आता जानेवारी उजाडलाय.

मागण्याआधी देणाऱ्यानं एक काम करायचं, ते म्हणजे मित्राच्या घरात पैसा कधी येतो आणि आल्यावर किती उरतो याचा अंदाज बांधायचा. पगारदाराला महिन्याच्या पहिल्या आठवड्याची सवय असते, म्हणून तो एक तारखेला मेसेज टाकतो. शेतकऱ्याच्या घरी एक तारखेला काहीच येत नाही. तिथं दूध संस्थेचं बिल दर दहा दिवसांनी येतं, दिवाळीच्या तोंडावर दूधदराचा फरक मिळतो आणि उसाचं बिल गळीत हंगामात ऊस गेल्यानंतर जमा होतं. कायद्यानुसार कारखान्यानं १४ दिवसांत बिल द्यायचं असतं, पण प्रत्यक्षात मागंपुढं होतं.

बाहेरून उसाचं बिल मोठं दिसतं आणि इथंच पगारदार मित्र फसतो. एकरी ४० टन आणि टनाला ३,४०० रुपये धरले तर १,३६,००० रुपये होतात. "एवढं बिल आलं आणि माझे तीस हजार देववत नाहीत?" हा विचार डोक्यात येतोच. पण विकास सोसायटीचं पीककर्ज त्या बिलातून आधी वळतं होतं. मग खताच्या दुकानाची उधारी, पुढच्या लागणीचा किंवा खोडव्याचा खर्च. हातात लाखाऐवजी तीस-चाळीस हजार उरले तर त्यातून एकरकमी तीस हजार निघणं कठीण. दुधाचंही तसंच. दोन म्हशींचं रोज १२ लिटर आणि लिटरला ५५ रुपये धरले तर दहा दिवसांचं बिल ६,६०० होतं, पण पशुखाद्याचे पैसे संस्था त्यातूनच कापते. वैरण धरून निम्मं गेलं तर ३,३०० उरतात आणि घर त्याच्यावर चालतं.

हे आकडे मित्रासमोर मांडायचे नाहीत. कुणाच्या घरचा हिशेब त्यालाच वाचून दाखवणं म्हणजे भांडणाला आवतण. ते फक्त आपली मागणी झेपणारी ठेवण्यासाठी. या नमुन्यात झेपणारी मागणी अशी होते: ऊसबिलातून १५,००० आणि उरलेले १५,००० दुधाच्या दहा बिलांतून प्रत्येकी १,५००. म्हणजे सुमारे १०० दिवसांत हिशेब संपतो.

मागायचं कुठं? समोरासमोर आणि दोघंच असताना. तालमीच्या कट्ट्यावर चारचौघांत चेष्टेच्या सुरात विषय काढणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. तिथं मित्राला पैशांआधी अब्रू सांभाळावी लागते, त्यामुळं तो एक तर चेष्टेनं उडवून लावतो, नाही तर रागानं "उद्याच देतो" म्हणतो आणि उद्या देऊ शकत नाही. बायकोकरवी निरोप धाडणं, त्याच्या भावाच्या कानावर घालणं यानंही हेच होतं. भेट शक्य नसेल तर फोन. मेसेज शेवटी. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या २००५ मधल्या प्रयोगांत लोकांना आपल्या ईमेलमधला उपरोध वाचणाऱ्याला नक्की कळेल अशी खात्री होती, पण वाचणाऱ्यांचे अंदाज छापा-काट्यापेक्षा थोडेच बरे निघाले. नुसत्या अक्षरांत सूर पोचत नाही. "काय भावा, विसरलास काय?" हे बोलताना हसू असतं, व्हॉट्सॲपवर वाचताना टोमणा होतो.

वाक्य लहान हवं आणि त्यात रक्कम हवी. उदाहरणार्थ: "भावा, जूनमध्ये दिलेल्या तीस हजारांचं बोलायचं होतं. एकदम नको. ऊसबिल आल्यावर पंधरा आणि बाकीचे दुधाच्या बिलातनं थोडे थोडे, जमंल काय?" इथं थांबायचं. आकडा उच्चारल्यामुळं "कुठले पैसे" हा प्रश्न उरत नाही, आणि "एकदम नको" म्हटल्यामुळं त्याला पळवाट शोधावी लागत नाही.

या वाक्यात काय नाही तेही बघा. "मला लय गरज आहे रे" नाही. गरज खरी असेल तर जरूर सांगावी, पण लाज झाकायला रचलेली गरज उघडी पडते. दवाखान्याचं कारण सांगणारा पुढच्या महिन्यात नवा मोबाइल घेऊन कट्ट्यावर आला की संपलं. शिवाय कारण दिलं की बोलणं त्या कारणावर घसरतं आणि पैसे बाजूला राहतात. दुसरी नसलेली गोष्ट म्हणजे जुने उपकार. "तुझ्या लग्नात मी किती पळापळ केली" असं म्हटलं की तीस हजारांच्या हिशेबात अख्खी दोस्ती ओढली जाते. मग मित्रही त्याच्या बाजूचे उपकार मोजायला लागतो आणि ते मोजणं कधीच संपत नाही.

उत्तरादाखल बहुधा "बघतो" येईल. "बघतो" म्हणजे नकार नाही, पण होकारही नाही आणि इथंच गप्प बसलं तर सगळी मेहनत वाया जाते. त्या क्षणी एकच प्रश्न विचारायचा: "पहिला हप्ता कुठल्या बिलाला धरू?" यामागं मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचं काम आहे. "मी अमुक करीन" असा मोघम बेत आणि "अमुक घडलं की मी तमुक करीन" असा बांधलेला बेत यांत दुसरा जास्त वेळा तडीस जातो. त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी २००६ मध्ये ९४ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा हा फायदा मध्यम ते मोठा दिसला. "लवकर देतो" हा मोघम बेत. "दूध बिल जमा झालं की त्याच दिवशी दीड हजार पाठवतो" हा बांधलेला बेत. त्याला बिलाची घटनाच आठवण करून देते, त्यामुळं आठवण करून देणाऱ्या माणसाचं काम कमी होतं. हे वाक्य मात्र त्याच्या तोंडून यायला हवं. आपण हप्ता सुचवावा, तारीख त्यानं ठरवावी.

बोलणं झाल्यावर त्याच संध्याकाळी एका ओळीचा मेसेज: "ठरल्याप्रमाणं ऊसबिलावर १५, मग दर बिलाला दीड." त्याचं "हो" आलं की आठवणीचा घोळ मिटतो. प्रत्येक हप्त्याला यूपीआयच्या टिपणीत "उसने ३/१०" असं लिहिलं तर वेगळी वही लागत नाही. हप्ता आला की "मिळाले" एवढंच कळवायचं.

बेत कुठं मोडतो? दुधाच्या घरात ठरलेलं कारण म्हणजे म्हैस आटते. एक म्हैस भाकड झाली की बिल निम्म्यावर येतं आणि दीड हजार जड होतात. अशा वेळी लाजेपायी हप्ता चुकतो, चुकला म्हणून फोन उचलला जात नाही, आणि न उचललेल्या फोनचा अर्थ देणारा "बुडवतोय" असा लावतो. तोड आधीच काढून ठेवायची: "एखाद्या बिलाला नाही जमलं तर पाचशे पाठव, नुसतं कळव." छोटी रक्कम चालते हे माहीत असलेला माणूस तोंड लपवत नाही. हप्ता चुकला आणि निरोपही नाही, तर पुढच्या बिलाच्या दिवशी एक आठवण करावी, रोज नाही. सलग तीन बिलं काहीच आलं नाही तर पुन्हा समोरासमोर बसून हप्ता कमी करायचा किंवा आकडा सोडायचा. सोडणार असाल तर स्पष्ट सांगून सोडा. मनात सोडून तोंडावर अढी ठेवली तर पैसेही जातात आणि मित्रही.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. परतीची तारीख न ठरवता दिलेल्या उसन्या पैशांसाठी दावा करायची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षांची असते. ती संपण्याआधी घेणाऱ्यानं सहीनिशी लेखी कबुली दिली, तर मुदत त्या दिवसापासून नव्यानं मोजली जाते. दुसरी गोष्ट, २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम उसनी घेताना आणि फेडताना रोखीनं व्यवहार करायला आयकर कायद्यात मनाई आहे आणि त्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. त्यामुळं मित्रानं ऊसबिलाचे पंधरा हजार नोटांनी आणून हातात ठेवले, तरी ते बँकेतून पाठवायला सांगणं दोघांच्याही सोयीचं. असे व्यवहार तपासताना थकीत एकूण रक्कमही धरली जाते आणि ती इथं तीस हजार आहे.