चेहरा तुमचा, फोटो बनावट: तक्रारपत्र लिहून घ्यायला येताना

कुणीतरी तुमचा चेहरा उचलून दुसऱ्याच शरीरावर बसवला आणि तो फोटो वेबसाइटवर टाकला, तर तो काढून टाकण्याचं पत्र आम्ही लिहून देतो. अशा कामासाठी येणाऱ्यांची संख्या वाढली आहे, आणि बहुतेकांचा पहिला वेळ एकाच कारणाने वाया जातो. म्हणून हे पत्रक.

ते कारण म्हणजे पत्ता. ग्राहक येतात ते व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलेला स्क्रीनशॉट घेऊन. फोटो दिसतो, पण तो कुठे आहे ते त्यावरून कळत नाही. वेबसाइटच्या तक्रार अधिकाऱ्याला "तुमच्या साइटवर माझा फोटो आहे" एवढंच कळवलं, तर उत्तर ठरलेलं येतं: नेमकी लिंक द्या. दोन दिवस गेले, आणि तेवढ्यात फोटो आणखी चार ठिकाणी पोचला.

आम्हाला दोन पत्ते लागतात. एक त्या पानाचा, दुसरा खुद्द फोटोच्या फाइलचा. साधारण असे दिसतात:

```
https://example.com/photo/48213
https://img.example.com/u/9f3c.jpg
```

पहिला ब्राउझरच्या वरच्या पट्टीतून कॉपी होतो. दुसऱ्यासाठी फोटोवर बोट दाबून ठेवा, नव्या टॅबमध्ये उघडा आणि तिथला पत्ता घ्या. दुसरा कशाला, असं जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. पान काढलं तरी फाइल साइटच्या साठ्यात तशीच राहू शकते. थेट पत्ता ज्याच्याकडे आहे त्याला फोटो उघडतच राहतो.

आणखी एक फसगत गूगलची. गूगलच्या फोटोंच्या निकालात बोट दाबून घेतलेला पत्ता बरेचदा `encrypted-tbn0.gstatic.com` ने सुरू होतो. तो गूगलने ठेवलेल्या छोट्या प्रतीचा आहे, वेबसाइटचा नाही. निकालावरून मूळ साइटवर जा आणि तिथला पत्ता घ्या.

पत्ते मिळाले की पत्र छोटं असतं. आमच्या ग्राहकांना ते फारच छोटं वाटतं, आणि राग समजण्यासारखा आहे. पण पलीकडचा माणूस दिवसभर अशाच तक्रारी चाळत असतो. त्याला मिनिटभरात ठरवता आलं पाहिजे. बदनामी कशी झाली, घरात काय झालं, संशय कुणावर आहे, हे सगळं पोलिसांच्या तक्रारीत जातं. वेबसाइटच्या पत्रात ते घातलं की प्रकरण "दोन व्यक्तींमधला वाद" म्हणून बाजूला पडण्याचा धोका असतो.

एक प्रकरण त्या ताईंच्या परवानगीने, ओळख लपवून सांगतो. बहिणीच्या हळदीतला त्यांचा फोटो फेसबुकवर होता. त्यातला चेहरा कापून निर्वस्त्र शरीरावर बसवला होता. मूळ फोटोत जबड्याजवळ हळदीचा पट्टा होता. तो बनावट फोटोतही तसाच आला होता आणि मानेला जिथे जोड होता तिथे एकदम तुटला होता. डाव्या कानातलं कर्णफूल आणि डोळ्यावर आलेली बटही जशीच्या तशी. आम्ही पत्राला फक्त मूळ फोटो जोडला आणि या तीन खुणा लिहिल्या. बनावट फोटो ईमेलने पाठवला नाही. तो आणखी एका जागी पोचवण्याची गरज नसते, लिंक पुरते.

पत्र इंग्रजीत गेलं. पाठवण्याआधी ताईंना मराठीत वाचून दाखवलं ते असं:

"खालील दोन पत्त्यांवरील फोटोत माझा चेहरा आहे, शरीर माझे नाही. सोबतच्या माझ्या मूळ छायाचित्रातून चेहरा घेतला आहे. हळदीचा पट्टा, कर्णफूल व केसांची बट पाहावी. मी यास कधीही संमती दिलेली नाही. माहिती तंत्रज्ञान नियम 2021 मधील नियम 3(2)(b) नुसार हे पान, मूळ फाइल, लघुप्रती आणि आपल्या साइटवरील इतर प्रती काढाव्यात व तसे लेखी कळवावे. अपलोड करणाऱ्यास माझी संपर्क माहिती देऊ नये."

नियमाचा उल्लेख शोभेसाठी नाही. नग्नता दाखवणारे किंवा कृत्रिमरीत्या बदललेले फोटो, यांच्या तक्रारीला त्या नियमात वेगळी, तातडीची वाट आहे. 2021 मध्ये त्यासाठी 24 तासांची मुदत ठरली, नंतर ती आणखी घटली. म्हणून मुदतीचा आकडा आम्ही पत्र लिहू त्या दिवशीचा नियम पाहून घालतो, जुन्या मसुद्यातून उचलत नाही. तक्रार तुमच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीलाही करता येते. ज्यांना स्वतःच्या नावाने लिहायचं नाही, त्यांच्या बहिणीच्या किंवा नवऱ्याच्या नावाने आम्ही मसुदा करतो.

ताईंना दुसऱ्या दिवशी "काढले आहे" असं उत्तर आलं. पान खरंच गेलं होतं. खासगी विंडोत फाइलचा पत्ता टाकला, तर फोटो उघडला. दुसरं दोन ओळींचं पत्र फक्त त्या पत्त्यासाठी गेलं आणि मग फाइल गेली. त्यानंतरही गूगलमध्ये छोटी प्रत दिसत होती, ती जुना निकाल काढण्याचा गूगलचा अर्ज भरून गेली. प्रत्येक वेळी खासगी विंडोतच तपासा. नेहमीच्या ब्राउझरमध्ये साठवलेली प्रत दिसते आणि काम झालं की नाही ते कळत नाही.

आमच्या तीन अटींबद्दल ग्राहक कुरकुर करतात, म्हणून कारण सांगतो. या कामासाठी नवा ईमेल उघडायला लावतो, कारण काही साइट तक्रार जशीच्या तशी अपलोड करणाऱ्याला पाठवतात. आधारची प्रत आम्ही आपणहून जोडत नाही. साइटने ओळख मागितलीच तर शेवटचे चार अंकच दिसणारं मास्क केलेलं आधार, त्यावर "फक्त या तक्रारीसाठी" असं लिहून. आणि पत्र जाण्याआधी पत्त्याची पट्टी व वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायला लावतो. फोटो काढला गेला की पोलिसांना दाखवायला तेवढंच उरतं. `cybercrime.gov.in` वरची तक्रारही आम्ही त्याच बैठकीत भरून देतो.

फोटो 18 वर्षांखालील मुलामुलीचा असेल, तर मात्र स्क्रीनशॉट घेऊ नका, कुणाला पाठवू नका, आम्हालाही नाही. फक्त लिंक लिहून घ्या आणि आधी पोलीस ठाण्यात जा.

पत्राने सगळं होत नाही. भारतात ज्यांचं कुणीच नाही अशा साइट उत्तरच देत नाहीत. तेव्हा साइटला जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार करतो आणि गूगलच्या निकालातून फोटो काढायला अर्ज करतो. साइटच्या तक्रार अधिकाऱ्याने नकार दिला, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे 30 दिवसांत `gac.gov.in` वर अपील करता येतं. फोटो अजून पसरलेला नाही पण धमकी आहे, अशांना `stopncii.org` दाखवतो. तिथे फोटो तुमच्या फोनमध्येच राहतो, त्याचा फक्त अंकांचा ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो.

"शंभर टक्के काढून देतो" म्हणणारे भेटतील. आम्ही शुल्क पत्राचं घेतो, निकालाचं नाही. फाइल उघडी राहिली तर त्याच साइटला जाणारं दुसरं पत्र त्याच शुल्कात असतं.

येताना लिंक स्वतःच्याच फोनमध्ये नोंद करून आणा, मूळ फोटो आणा, आणि तो कुठे व कधी टाकला होता ते आठवून या. बाईमाणसाशीच बोलायचं असेल तर फोनवर आधी सांगा. आतली खोली आहे, आणि पत्र आमच्या मॅडमच लिहितात.