जवसातलं 'अल्फा' आणि प्रिमरोजमधलं 'गॅमा': नाव एक, वाटा दोन

सांगली-मिरजेकडे मेडिकलच्या काउंटरवर हा घोळ सहज होऊ शकतो. चिठ्ठीवर इव्हिनिंग प्रिमरोज ऑइल लिहिलेलं असतं, ते संपलेलं असतं, आणि "यातही लिनोलेनिकच आहे" म्हणत जवसाच्या तेलाची कॅप्सूल पुढे येते. शब्द खरंच तोच आहे. फरक आहे तो आधीच्या 'अल्फा' आणि 'गॅमा'चा.

दोन्ही आम्लांचं सूत्र C18H30O2. अठरा कार्बनची साखळी आणि तीन दुहेरी बंध, इथपर्यंत सगळं सारखं. आम्लाच्या टोकाकडून मोजलं तर अल्फाचे बंध 9, 12 आणि 15 क्रमांकाच्या कार्बनवर सुरू होतात, गॅमाचे 6, 9 आणि 12 वर. त्यामुळे अल्फा ओमेगा-3 घराण्यात जातं, गॅमा ओमेगा-6 मध्ये. आपल्या शरीराला एका घराण्यातून दुसऱ्यात बदल करता येत नाही. जवसाची चटणी रोज वाटीभर खाल्ली तरी तिचं गॅमा होणार नाही.

मग गॅमा शरीरात बनतं कशापासून? लिनोलेइक आम्लापासून. (हे तिसरं जवळचं नाव, यात बंध दोनच.) आपल्याकडच्या नेहमीच्या करडई तेलात ते सुमारे 75 टक्के असतं, म्हणजे कच्च्या मालाची ददात नाही. अडतं ते डेल्टा-6 डिसॅच्युरेज या एन्झाइमपाशी. हे दार मुळातच अरुंद, आणि वय वाढलं किंवा मधुमेह असला की आणखी मंदावतं. जवसातल्या अल्फालाही याच दारातून जावं लागतं, म्हणून दोघांची तिथे रेटारेटी होते. प्रिमरोज किंवा बोरेजच्या तेलातलं गॅमा मात्र दाराच्या पलीकडेच उतरतं.

पुढे त्याला दोन कार्बन चटकन जोडले जातात आणि डायहोमो-गॅमा-लिनोलेनिक आम्ल, थोडक्यात डीजीएलए, तयार होतं. खरा फाटा इथे फुटतो. सायक्लोऑक्सिजनेज एन्झाइमच्या हाती लागलं तर डीजीएलएचं प्रोस्टाग्लँडिन ई-1 होतं: रक्तवाहिन्या सैलावणारं, प्लेटलेट्सना चिकटू न देणारं, दाह उतरवणारं. डेल्टा-5 डिसॅच्युरेजच्या हाती लागलं तर अ‍ॅराकिडोनिक आम्ल होतं, आणि त्यातून सूज-वेदना वाढवणारं ई-2. ओमेगा-6 म्हणजे दाह, ही सरसकट समजूत याच दुसऱ्या फाट्यामुळे रुजली. पण पांढऱ्या पेशींमध्ये डेल्टा-5 चं काम जवळजवळ चालतच नाही, त्यामुळे तिथे डीजीएलए साचतं. शिवाय त्यापासून बनणारा आणखी एक पदार्थ ल्युकोट्रायीन बी-4 या दाहकाची निर्मिती रोखतो. अल्फापासून पुढे बनणारे पदार्थ मात्र वेगळे. त्यातला थोडाच भाग ईपीए या ओमेगा-3 आम्लापर्यंत पोचतो आणि तिथून तिसऱ्या मालिकेची प्रोस्टाग्लँडिन्स होतात. माशाच्या तेलातलं ईपीए सोबत घेतलं तर ते डेल्टा-5 ला आवर घालतं, म्हणजे गॅमाला मदतच होते.

आता हिशेब. आमवातावरच्या ज्या चाचण्यांत सांध्यांची सूज आणि दुखणं कमी झालेलं दिसलं, त्यांत गॅमाचा रोजचा डोस 1.4 ते 2.8 ग्रॅम होता, तोही सुमारे सहा महिने. प्रिमरोज तेलात गॅमा 8 ते 10 टक्के, म्हणजे 1000 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये साधारण 90 मिलिग्रॅम. 1.4 ग्रॅम गाठायला रोज पंधरा-सोळा कॅप्सूल लागतील! बोरेज तेलात 20 ते 24 टक्के, त्यामुळे तेच काम सहा-सात कॅप्सूलमध्ये होतं. 'दिवसातून एक घेऊन काही फरक नाही' या तक्रारीचं उत्तर बहुतेकदा इथेच असतं. लेबलवरचा 1000 हा आकडा तेलाचा आहे; बघायचा तो जीएलए, म्हणजे गॅमा, किती मिलिग्रॅम हा आकडा.

बोरेज स्वस्तात पडतं, पण त्या झाडात यकृताला घातक अशी पायरोलिझिडीन अल्कलॉइड्स असतात. ती काढून टाकल्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर ती बाटली नको, आणि गरोदरपणात तर नकोच.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक सायक्लोऑक्सिजनेजच बंद करतात, म्हणजे ई-2 सोबत ई-1 ही थांबतं. पण म्हणून दुखण्याची गोळी स्वतःच्या मनाने सोडू नये. ल्युकोट्रायीनवरचा परिणाम तरीही चालू राहतो. वॉरफेरिन किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र ई-1 चा प्लेटलेट्सवरचा परिणाम रक्तस्रावाच्या बाजूने जातो, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारावं.

इसबासाठी या तेलांवर फार भिस्त ठेवू नये. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात दोन्ही तेलं नकली कॅप्सूलपेक्षा सरस ठरली नाहीत, आणि ब्रिटनने तर इसब व स्तनदुखीसाठीच्या प्रिमरोज औषधांचे परवाने 2002 मध्येच काढून घेतले. रेणूची वाट पक्की असली म्हणजे प्रत्येक दुखण्यावर गुण येतो असं नाही.