गर्भाशयग्रीवा बहिर्वलन

गर्भाशयाच्या तोंडाच्या नळीतले अस्तर उलटून योनीत दिसणाऱ्या बाहेरच्या भागावर येते, त्या स्थितीला गर्भाशयग्रीवा बहिर्वलन म्हणतात. डॉक्टर तिला ‘एक्ट्रोपियन’ म्हणतात. जुन्या केसपेपरवर ‘इरोजन’ लिहिलेले आढळते आणि रुग्णाला बहुधा ‘पिशवीच्या तोंडाला जखम आहे’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तेथे जखम नसते. वयात आलेल्या मुली, गर्भवती आणि संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या तरुणींत ही स्थिती इतकी आढळते की तिला रोग म्हणणे कठीण आहे. पुष्कळ जणींना तिचा काहीच त्रास होत नाही. ज्यांना होतो त्यांच्या तक्रारी मुख्यतः दोन असतात: अंगावरून पाण्यासारखे किंवा शेंबडासारखे पातळ जाणे आणि संबंधानंतर थोडे रक्त दिसणे.

दोन्ही तक्रारींचे कारण अस्तराच्या बांधणीत आहे. ग्रीवेच्या बाहेरच्या भागावरचे नेहमीचे अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे, जाड आणि फिकट गुलाबी असते. नळीतले अस्तर उभट, स्तंभाकार पेशींच्या एकाच थराचे असते. त्याखालच्या केशवाहिन्या आरपार दिसतात, म्हणून बाहेर आलेला भाग लालभडक भासतो. या पेशींचे कामच श्लेष्मा स्रवणे हे आहे. त्यांचे क्षेत्र वाढले की स्रावही वाढतो. एकच थर असल्याने घर्षणाने किंवा कापसाच्या बोळ्यानेही त्यातून थेंबभर रक्त येते. हे रक्त गुलाबी डागाइतके असते आणि बहुधा त्याच दिवशी थांबते. स्रावाला दुर्गंधी नसते आणि खाजही येत नाही. दुर्गंधी, पिवळा पू, ताप किंवा ओटीपोटात दुखणे असल्यास कारण दुसरीकडे शोधावे लागते.

‘इरोजन’, म्हणजे झीज, हे नाव कसे पडले आणि ते का टिकले, यावर बराच वाद झाला आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांना तो लाल भाग सालपट निघाल्यासारखा दिसे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत कार्ल रूगे आणि योहान फाइट यांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यावर अस्तर शाबूत असून ते स्तंभाकार पेशींचे आहे, हे त्यांनी दाखवले. येथेच नाव बदलायला हरकत नव्हती. पण त्याच सुमारास, १८७४ मध्ये, अमेरिकेत टॉमस अॅडिस एमेट यांनी बाळंतपणात ग्रीवा फाटणे हे स्त्रीच्या अनेक विकारांचे दुर्लक्षित कारण असल्याचे प्रतिपादन केले. फाटलेले ओठ बाहेर वळतात, म्हणून ते शिवून घ्यावेत, असे त्यांचे मत होते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी रॉबर्ट मायर यांनी दाहाचा सिद्धांत मांडला. त्यांच्या मते नळीतल्या दाहाच्या स्रावाने बाहेरचे चपटे अस्तर भिजून गळून पडते आणि त्या उघड्या जागेवर आतल्या पेशी पसरतात. म्हणजे इरोजन ही भरून येणारी जखम ठरली. हा सिद्धांत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकला. कॉटरी करण्याची, म्हणजे तो भाग जाळण्याची, रूढी त्याच्याच आधारावर उभी राहिली असे दिसते.

आज ग्राह्य धरले जाणारे मत वेगळे आहे. सिडनीचे माल्कम कॉपलसन आणि बेव्हन रीड यांनी कॉल्पोस्कोपने, म्हणजे ग्रीवा मोठी करून दाखवणाऱ्या दुर्बिणीने, केलेल्या निरीक्षणांतून १९६० च्या दशकात त्याची मांडणी केली. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या प्रभावाने ग्रीवा फुगते आणि तिचे आतले अस्तर बाहेर वळते. योनीतील आम्लाचा संपर्क झाला की ते हळूहळू चपट्या पेशींत रूपांतरित होते. हा रूपांतराचा पट्टा प्रत्येक स्त्रीत असतो. वय वाढते तशी दोन अस्तरांची सीमारेषा नळीत मागे सरकते, म्हणूनच पाळी गेल्यावर बहिर्वलन क्वचितच दिसते. आईच्या इस्ट्रोजेनमुळे काही नवजात मुलींतही ते आढळते. दाहाच्या सिद्धांताला या बाबीचे उत्तर देणे अवघड जाते. एमेट यांचे निरीक्षण मात्र पूर्ण टाकाऊ नाही. बाळंत झालेल्या स्त्रीत तपासणीच्या स्पेक्युलमची पाती जास्त उघडली तर ग्रीवेचे ओठ ताणून विलग होतात आणि बहिर्वलन आहे त्याहून मोठे दिसते.

नावातल्या गोंधळाचा परिणाम महाराष्ट्रातल्या आकडेवारीतही शोधता येतो. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग आढळले. त्या यादीत इरोजनचाही समावेश होता. ग्रामीण स्त्रियांचे दुखणे प्रथमच मोजले गेले, हे त्या अभ्यासाचे मोल यामुळे कमी होत नाही. तरी आजच्या व्याख्येने त्यातला हा घटक रोगांच्या रकान्यातून वगळावा लागेल.

निदान इतर कारणे वगळूनच करावे लागते, कारण कर्करोगाच्या आधीची अवस्थाही याच रूपांतर पट्ट्यात सुरू होते आणि नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारख्याच लाल दिसू शकतात. तीन ते पाच टक्के अॅसिटिक आम्ल लावल्यावर बहिर्वलनात द्राक्षांच्या घडासारखे बारीक उंचवटे दिसतात आणि त्यांवर आलेला फिकट पांढरेपणा लवकर ओसरतो. कर्करोगपूर्व भाग दाट पांढरा होतो, तो काही मिनिटे टिकतो आणि त्याची कड स्पष्ट असते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाच्या मोठ्या चाचणीत आरोग्य सेविकांनी हीच आम्लाची तपासणी केली होती. हा फरक ओळखणे तिच्या प्रशिक्षणातील नाजूक भाग असतो.

नेहमीचे उदाहरण घेऊ. बावीस वर्षांची विवाहित तरुणी आठ महिने संयुक्त गोळ्या घेत आहे. ‘अंगावरून पाणी जातं, दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात’, ही तिची तक्रार. संबंधानंतर दोनदा गुलाबी डाग दिसला म्हणून ती घाबरली आहे. प्रथम गर्भधारणेची चाचणी होते; ती नकारात्मक येते. स्पेक्युलमने पाहिल्यावर ग्रीवेच्या छिद्राभोवती मखमलीसारखे लाल कडे दिसते. बोळा फिरवल्यावर थेंबभर रक्त येते, पण बोळ्यावर पिवळा पू लागत नाही. मस्सा किंवा टणक, ओबडधोबड वाढ नसते. क्लॅमिडिया आणि गोनोरिया या लैंगिक संसर्गांसाठी नमुना जातो. या वयात संबंधानंतरच्या रक्तस्रावात क्लॅमिडिया सर्वांत आधी वगळावा लागतो. अहवाल नकारात्मक आला की तिला उपचाराची सक्ती नसते. संयुक्त गोळ्यांत इस्ट्रोजेन असते, पण त्या अचानक सोडल्यास नको असताना दिवस जाऊ शकतात, म्हणून आधी निरोध किंवा इस्ट्रोजेनविरहित गोळी ठरवून मगच बदल करावा. काही महिन्यांत स्राव कमी झाला तर विषय तेथेच संपतो. रक्तस्राव चालू राहिला किंवा वाढला तर वय कमी असले तरी कॉल्पोस्कोपी करावी. या वयात कर्करोग फार विरळा असतो, पण वयावर विसंबून तपासणी टाळू नये.

उपचाराचा विचार त्रास असह्य झाल्यावर आणि कर्करोगाची शंका फिटल्यावरच केला जातो. अतिशीत वायूने गोठवणे, उष्णतेने जाळणे आणि सिल्व्हर नायट्रेट लावणे हे प्रचलित मार्ग होत. गोठवल्यानंतर दोन ते चार आठवडे आधीपेक्षाही जास्त पाणी जाते, हे आधी सांगितले नाही तर रुग्णाला उपचार फसला असे वाटते. ग्रीवेचे छिद्र आकसण्याचा धोका थोडा, पण खरा आहे. सरसकट उपचाराला आधार देणारा पुरावा उपलब्ध नाही, असा निष्कर्ष २००८ मधील एका ब्राझिली साहित्यसमीक्षेने काढला. केवळ बहिर्वलनासाठी गर्भपिशवी काढण्याला वैद्यकीय आधार नाही.