कार्बोनारा (अंडे-चीजचा सॉस)

कार्बोनारा हा रोम आणि लात्सिओ प्रांतातला पास्त्याचा प्रकार. अंडी, पेकोरीनो रोमानो हे मेंढीच्या दुधाचे खारट चीज, डुकराच्या गालाचे मुरवलेले मांस (ग्वानचाले) आणि भरपूर मिरपूड, एवढ्यावर तो उभा असतो. पदार्थ फार जुना नाही. त्याच्या लेखी नोंदी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या आहेत, आणि ‘ला कुचिना इतालियाना’ या मासिकात १९५४ साली आलेल्या कृतीत तर लसूण आणि ग्रुयेर चीजही होते. आजच्या रोमन पद्धतीत क्रीम नसते. सॉसला दाटपणा येतो तो अंड्यानेच, आणि म्हणूनच जरा उष्णता जास्त झाली की त्याची भुर्जी होते.

अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंशांपासून आळू लागतो, पिवळा बलक ६५ अंशांच्या आसपास दाटतो आणि ७० अंशांना घट्ट होतो. सॉसमध्ये मात्र अंडे एकटे नसते. पास्ता उकळलेल्या पाण्यातला स्टार्च प्रथिनांच्या कणांमध्ये येतो आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. कढीला बेसन लावले की ताक फुटत नाही, तोच हा प्रकार. त्यामुळे थोडी सवलत मिळते, पण थोडीच. सॉस ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान ठेवायचा असतो, आणि हे तापमान उघड्या गॅसवर साधणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणून उष्णता गॅसकडून नव्हे, तर शिजलेल्या पास्त्याकडून घ्यायची.

दोघांसाठी २०० ग्रॅम स्पगेटी धरू. एक अख्खे अंडे आणि तीन बलक, त्यात बारीक किसलेले ६० ग्रॅम पेकोरीनो आणि मिरपूड एकत्र फेटून ठेवावी. हे मिश्रण सुमारे १६५ ग्रॅम भरते आणि खोलीच्या तापमानाला, म्हणजे २५ अंशांच्या आसपास असते. स्पगेटी शिजल्यावर सुमारे ४४० ग्रॅम होते. ती उकळत्या पाण्यातून थेट तव्यात घेऊन लगेच अंडी ओतली, तर ढोबळ हिशेबाने मिश्रण ७९ अंशांना पोचते आणि भुर्जी ठरलेलीच. तीच स्पगेटी ८० अंशांपर्यंत निवू दिली, तर मिश्रण ६५ अंशांवर स्थिरावते. हा हिशेब तव्याची उष्णता वगळून केला आहे. प्रत्यक्षात तवा आणखी भर घालतो.

म्हणून क्रम असा. ग्वानचाले (१०० ग्रॅम) थंड पॅनमध्ये टाकून मंद आचेवर चरबी सुटेपर्यंत परतावे आणि तुकडे काढून घ्यावेत. चरबीत पास्त्याचे अर्धी वाटी पाणी घालावे. तापलेला तवा त्या पाण्याने उकळबिंदूवर येतो. त्यात स्पगेटी एखादा मिनिट घोळवावी, मग गॅस पूर्ण बंद करून पॅन बर्नरवरून बाजूला घ्यावा. आणखी एखादा मिनिट हलवत राहावे, म्हणजे वाफेबरोबर उष्णता जाते. पॅनची कड बोटाला क्षणभर सोसेल एवढी झाली की अंड्याचे मिश्रण सगळे एकदम ओतून न थांबता हलवावे. बिडाचा किंवा जाड बुडाचा पॅन उष्णता फार वेळ धरतो, तेव्हा पास्ता सरळ थंड वाडग्यात काढलेला बरा.

जमले की नाही हे डोळ्यांना कळते. चमच्याने पॅनच्या तळावर रेघ ओढली आणि ती हळूहळू भरून आली, तर सॉस तयार. रेघ लगेच बुजली, तर अजून पातळ आहे. अशा वेळी गॅस पेटवण्याचा मोह टाळावा. पॅन पास्त्याच्या वाफाळत्या पातेल्यावर दहा-पंधरा सेकंद धरून हलवावा, गरज पडल्यास पुन्हा. घट्ट झाला, तर पास्त्याचे गरम पाणी चमचाभर घालावे. त्यासाठी ते पाणी आधीच वाटीत काढलेले असावे. ते सिंकमध्ये ओतून टाकणे ही या पदार्थातली सर्वात सामान्य चूक आहे.

बिघाड दोन तऱ्हेचा असतो. अंडे शिजले तर पॅनच्या कडेला आधी निस्तेज पिवळे कण दिसतात आणि सॉसची चमक जाते. चीज बिघडले तर चिकट गोळा होऊन तो काट्याला तारेसारखा लागतो. हे बहुधा जाड किसलेले चीज एकदम गरमीत पडल्याने होते. कण दिसताच एक-दोन चमचे थंड पाणी घालून पुढचे शिजणे थांबवता येते, पण झालेले कण विरघळत नाहीत.

क्रीम घालणाऱ्या हॉटेलांना दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे, की क्रीम अंड्यातली प्रथिने पातळ करून आळण्याचे तापमान वर नेते. गर्दीच्या स्वयंपाकघरात ती सोय असते, फक्त चव सौम्य होते.

एक मर्यादा उरते. अंड्यांचे पदार्थ सुरक्षित राहावेत म्हणून सुचवले जाणारे ७१ अंश तापमान हा सॉस सहसा गाठत नाही. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि आजारी माणसांसाठी पाश्चराइज्ड अंडी वापरावीत. उरलेला कार्बोनारा पुन्हा तापवला की भुर्जी होतेच, त्यामुळे खाण्यापुरताच करावा.